मैत्रिणीची आई गेली. तिला नक्की काय लिहू? (मसुदा दिलाय, फाडून काढा)

नेरुळकरीण

मंडळी, जरा घाईत आहे. माझी शाळेपासूनची मैत्रीण (वैदेही म्हणूया, नाव बदललंय) ठाण्यात नौपाड्यात राहते. काल पहाटे तिची आई गेली. दुपारी जवाहरबाग स्मशानभूमीत सगळं आटोपलं. वैदेही एकुलती एक, अग्नी तिनेच दिला. माझ्या डाव्या पायाला प्लास्टर आहे आणि त्यांची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. नेरुळहून गाडी करून जाईनही, पण जिन्याखाली बसून राहण्यात काय अर्थ? फोन केला तर तिच्या मावसबहिणीने उचलला, म्हणाली ती आत्ता कुणाशीच बोलत नाहीये, मेसेज करा, वाचेल.

थोडी पार्श्वभूमी देते. काकूंना दम्यासारखा जुना श्वासाचा आजार होता. गेली दोनेक वर्षं घरी ऑक्सिजनचं मशीन होतं. शेवटी आयसीयूत नेलं. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरबद्दल विचारलं तेव्हा वैदेही आणि काकांनी नको म्हणून सांगितलं, काकूंनीच आधी तसं सांगून ठेवलं होतं. परवा रात्री वैदेही दोन तासांसाठी आंघोळीला घरी आली आणि तेवढ्यात फोन आला. मावसबहीण म्हणाली, ती तेच तेच बोलतेय, 'मी गेले म्हणून ती गेली'.

मी लिहिलेला मसुदा असा:

"प्रिय वैदेही, काकू गेल्याचं कळलं, फार धक्का बसला. त्या खूप प्रेमळ होत्या. जन्म-मृत्यू कुणाच्या हातात नसतो. काकूंनी फार सोसलं, आता त्या सुटल्या असं समज. तुला काय वाटत असेल ते मी समजू शकते. तू खंबीर आहेस, आता काकांकडे तुलाच बघायचंय. तुझा यात काहीही दोष नाही. काहीही लागलं तर अर्ध्या रात्री हाक मार. ईश्वर काकूंच्या आत्म्यास शांती देवो."

वाचताना मलाच वाटतंय की हे कुणीही कुणालाही पाठवेल. पण नक्की कुठे चुकतंय ते कळत नाही.

रवी_ऐरोली

भावना पोचल्या. खालील मजकूर वापरू शकता, आमच्या सोसायटीच्या फलकासाठी मीच करतो: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या मातोश्री कै. ... यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. दशक्रिया विधी दि. ... रोजी. शोकाकुल समस्त परिवार." फोटो चौकटीत डावीकडे घ्यावा. आधीची तारीख राहून जाते कधीकधी, तेवढं तपासा.

दत्ता_कोपरखैरणे

रवीभाऊ, तिला फलक नाही लावायचा, मैत्रिणीला लिहायचंय.

आणि नेरुळकरीण, इतका विचार कशाला? काल गेल्या, आज दुपार झाली, तुम्ही अजून मसुदाच करताय. हाताला येईल ते लिहा आणि पाठवा. माझे वडील गेले तेव्हा कुणी काय लिहिलं ते एक अक्षर आठवत नाही, कुणी लिहिलंच नाही ते मात्र सगळे आठवतात.

जोशीकाका_नौपाडा

मेसेज हा प्रकारच मला पटत नाही. भेटायला जायचं असतं. दहाव्याच्या आत जायचं, शेजारी बसायचं, काही बोलायचं नाही, आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. आमच्या आईने हे सगळं शिकवलं. शब्दांची गरजच पडत नाही. पाय बरा झाला की पहिल्यांदा जाऊन या.

हेमांगी_पाचपाखाडी

मी बरीच वर्षं घरी जाऊन शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या एका टीममध्ये होते, ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे. माणूस गेल्यावरही त्या घरांत आमचं जाणं व्हायचं, त्यामुळे घरच्यांना आलेले मेसेज त्यांनीच मला वाचून दाखवलेत. त्या जोरावर लिहिते.

दत्ता यांचं अर्धं बरोबर आहे, उशीर नको. म्हणून दोन मेसेज करा. एक आत्ता, तीन-चार ओळींचा, त्यात मोठं काही नको. दुसरा सावकाश, दहाव्याच्या आसपास. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिच्या डोक्यात काही टिकत नाही. पाहुण्यांचा चहा, गुरुजींची यादी, आयसीयूचं बिल, काकांच्या गोळ्या. मनापासून लिहिलेला लांब मेसेज या गर्दीत ती नुसता वर सरकवेल.

आता मसुदा. वाक्यावाक्याने बघू, रागावू नका.

'जन्म-मृत्यू कुणाच्या हातात नसतो' हे तिला माहीत आहे. पण परवा डॉक्टरांनी तिलाच विचारलं होतं, व्हेंटिलेटर लावायचा की नाही. तिला वाटतंय की ते तिच्याच हातात होतं. तुमचं हे वाक्य नेमकं त्या जखमेवर बसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

'सुटल्या' हे ती म्हणाली तर मान डोलवा. आपण आधी म्हणू नका. जिने दोन वर्षं रात्री उठून मशीनकडे बघितलं, तिला ते 'तूही सुटलीस' असं ऐकू येतं. बऱ्याच जणींच्या मनात खरंच क्षणभर हलकं वाटून गेलेलं असतं आणि त्याचीच लाज त्यांना सगळ्यांत जास्त छळते.

'खंबीर आहेस, काकांकडे तुलाच बघायचंय.' एकुलत्या एका मुलीला हे कालपासून प्रत्येक नातेवाईक सांगून गेला असेल. तुम्ही मैत्रीण आहात, ते काम तुमचं नाही. तुमच्यासमोर तिला खंबीर नसण्याची मुभा हवी.

'काहीही लागलं तर' याबद्दल दुसरं कुणी लिहील, मी थांबते. 'तुझा दोष नाही' यावर मात्र स्वतंत्र लिहायचंय, संध्याकाळी येते.

सुलक्षणा_सानपाडा

'काहीही लागलं तर' वर मी लिहिते.

माझी आई एप्रिल २०२१ मध्ये गेली. दुसरी लाट. कुणी येऊ शकत नव्हतं, आम्हीही तिला नीट बघितलं नाही. फोनवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' चा नुसता पूर. सगळ्यांनी लिहिलं होतं, काही लागलं तर सांग. आता सांगा, घरात दोन पॉझिटिव्ह, बाबा एका खोलीत बंद, मी काय यादी करून पाठवू? कुणाला काय सांगायचं, कोणाला परवडेल, कोण खरंच करेल, हा हिशेब मलाच करायचा?

एकीने मात्र लिहिलं, "दाराबाहेर खिचडी आणि ताक ठेवलंय. कागदी डब्यात आहे, परत द्यायचं नाही. उद्या सकाळी दूध आणि ब्रेड. नको असेल तर फक्त 'नको' लिही." बस. ती माझी फार जवळचीसुद्धा नव्हती तेव्हा. त्या 'परत द्यायचं नाही' ने मला रडू आलं, कारण मंडळी, सुतकाच्या घरात लोकांचे स्टीलचे डबे साठतात आणि कुणाचा कोणता ते लक्षात ठेवायचं काम घरच्या बाईलाच लागतं.

तेव्हा तुम्ही काय करू शकता ते ठरवा आणि तेच लिहा. तिने उत्तर दिलं नाही तरी होईल असं काहीतरी.

जोशीकाका_नौपाडा

सुलक्षणाताईंशी सहमत. जेवण पाठवणार असाल तर आधी त्या मावसबहिणीला विचारा की त्यांच्याकडे दहा दिवस फोडणी चालते का. पुष्कळ घरांत चालत नाही. मग मुगाचं साधं वरण, मऊ भात, तूप, लिंबू. उत्साहाने छोले पाठवू नका.

मीनल_घणसोली

मी मानसशास्त्राचा एक छोटा कोर्स केलाय. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात: नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. मैत्रीण आत्ता पहिल्या पायरीवर असणार. तेव्हा आत्ता काहीच समजावू नका, ती रागाच्या पायरीवर आली की तेव्हा बोला. आणि स्वीकारापर्यंत पोचायला तिला मदत करा. मेसेजमध्ये 'हळूहळू स्वीकारशील' असं आशादायक काही घालता येईल.

वंदना_वाशी

आई हॉस्पिटलमध्ये गेल्या ना? मग एकवीस दिवसांत मृत्यूचा दाखला काढायला सांगा पहिल्यांदा. नाहीतर कोर्टाच्या फेऱ्या. पेन्शन, बँक, लॉकर सगळं अडतं. दुःख आयुष्यभर आहेच.

हेमांगी_पाचपाखाडी

आले. आधी वंदनाताईंचं पटकन. नोंदणीची मुदत २१ दिवसांची आहे हे बरोबर. पण मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला तर महापालिकेला कळवण्याचं काम हॉस्पिटलचं असतं. मुदत टळली तरी लगेच कोर्ट येत नाही, तीस दिवसांपर्यंत उशिराचं शुल्क भरून नोंद होते, वर्ष उलटून गेलं की मग वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. घरच्यांनी खरं बघायचं ते एवढंच की हॉस्पिटलच्या फॉर्मवर काकूंचं नाव आधार आणि पासबुकाप्रमाणे लिहिलंय ना. 'सुमन' चं 'सुमनबाई' झालं की पुढे बँकेत तेच नडतं. हे काम तुमचे मिस्टर करू शकत असतील तर ते दुसऱ्या मेसेजमध्ये द्या, पहिल्यात नको.

मीनल, त्या पाच पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, पण ज्यांना आपण मरणार हे कळलंय अशा रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. प्रत्यक्षात कुणी ओळीने चढत नाही. सकाळी फॉर्म भरणारी, गुरुजींशी दक्षिणेवरून घासाघीस करणारी मुलगी दुपारी कपाटात आईची शाल दिसली की कोसळते आणि संध्याकाळी कुणाच्या विनोदाला हसते. १९९९ मध्ये श्ट्रोबे आणि शूट या दोन संशोधकांनी हेच मांडलं की माणूस दुःख आणि व्यवहार यांच्यात सतत ये-जा करत असतो आणि ती ये-जाच त्याला तगवते. 'हळूहळू स्वीकारशील' लिहिलंत तर तिने अजून स्वीकारलेलं नाही ही आणखी एक कमतरता तुम्ही तिच्या हातात द्याल.

आता 'तुझा काहीही दोष नाही'.

वाक्य खरं आहे, पण चालत नाही. का? कारण हा निकाल आहे आणि तिच्या डोक्यात खटला चालू आहे. तुम्ही तिथे नव्हता. 'तुला काय माहीत, मी तासभर आधी निघाले असते तर?' असं ती मनातल्या मनात म्हणणार आणि खटला पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाद घालून अपराधी भावना जात नाही, उलट ती व्यक्ती आणखी पुरावे गोळा करते.

मी पाहिलंय की तिथे साक्षीदार उपयोगी पडतो. तुम्ही स्वतः डोळ्यांनी काय पाहिलंत ते लिहा. तिने आईसाठी केलेली एखादी बारीक गोष्ट, जी ती स्वतः विसरली असेल. निकाल देऊ नका, फक्त पाहिलेलं सांगा. ते खोडता येत नाही.

आणि ती आंघोळीला घरी आली तेवढ्यात गेल्या, हे आमच्या कामात इतक्या वेळा पाहिलंय की सांगता सोय नाही. आठवडाभर उशाशी बसलेला मुलगा चहाला खाली उतरतो आणि माणूस जातं. यावर काहीजण 'त्या तू जायची वाट बघत होत्या' असं सांत्वन करतात. कुणाला त्याने बरं वाटतं, कुणाला भयंकर लागतं. म्हणून मी ते लिहीत नाही, नुसतं 'हे फार घरांत होतं' एवढंच सांगते, तेही तिने विषय काढला तर.

नेरुळकरीण, तुम्हाला काकूंची एखादी आठवण असेल ना? 'प्रेमळ होत्या' सोडून.

नेरुळकरीण

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. थँक्यू. आधी सांगते, दत्तांचं ऐकून मी दुपारीच पहिला मेसेज टाकला:

"वैदेही, काकू गेल्या. कळल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. माझा पाय आडवा आलाय, नाहीतर तुझ्याजवळ असते. उत्तर देऊ नकोस. उद्या सकाळी आठला हा सहा जणांचं जेवण घेऊन येईल, फोडणीशिवाय, डबे टाकून द्यायचेत. दारात ठेवून जाईल, बेल वाजवणार नाही."

निळी खूण आली, उत्तर नाही. ठीक आहे ना?

आठवण म्हणाल तर आहे. काकू शिवणकाम करायच्या. दहावीनंतर सुट्टीत मी त्यांच्याकडेच पडून असायचे. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी मी तिच्याकडे तयार होत होते आणि कुर्त्याची खालची पट्टी उसवली. बदलायला वेळ नव्हता. काकूंनी मला दारात उभं केलं, सुईत दोरा ओवला, आणि अंगावरचं शिवू नये म्हणून माझ्या तोंडात झाडूची काडी दिली. मी काडी धरून उभी, त्या खाली बसून टाके घालतायत आणि वरून विचारतायत, 'स्वतःबद्दल सांगा म्हणाले तर काय सांगशील?' आणि मी तोंड उघडू शकत नाही! वैदेही गॅलरीत हसून हसून लोळत होती.

हे लिहू? दुःखाच्या मेसेजमध्ये विनोदी वाटेल ना?

सुलक्षणा_सानपाडा

लिहाच लिहा! आई गेली की आपल्याला आपलीच आई माहीत असते. दुसऱ्याकडची आई, आपण नसताना किंवा आपण बघत नसताना ती कशी होती, ते कुणी सांगितलं की काहीतरी नवीन मिळाल्यासारखं होतं. नवीन काही आता मिळणार नसतं हो तिच्याकडून.

दत्ता_कोपरखैरणे

झाडूची काडी आमच्याकडे पण. आई तुळशीचं पान द्यायची, ते परवडलं.

हे पाठवा. माझे शब्द मागे घेत नाही, पण हे पाठवा.

हेमांगी_पाचपाखाडी

निळी खूण आणि उत्तर नाही, यात काहीच वावगं नाही. 'उत्तर देऊ नकोस' लिहिलंत ना, मग आता 'वाचलंस का?' म्हणून विचारू नका. उत्तर मागत नाही म्हणायचं आणि मग वाट बघायची, ते तिला कळतं.

आठवण पाठवाच. हसू येईल का ही भीती नको. पण ती आठवण काकूंची आहे, वैदेहीबद्दलची साक्ष अजून आली नाही. तुम्ही त्यांच्या घरी आजारपणात जात होता?

नेरुळकरीण

हो, पाय मोडायच्या आधी महिन्यातून एकदा तरी. एक गोष्ट डोक्यात आहे. मशीनची नळी कानामागे घासून काकूंना जखम व्हायची. वैदेहीने जुन्या मऊ सुती साडीच्या पट्ट्या कापून नळीला गुंडाळल्या होत्या, आणि दर दोन दिवसांनी धुतलेल्या पट्ट्या बदलायची. दोरीवर वाळत घातलेल्या त्या पट्ट्या मी पाहिल्यात. ती ते कधी बोलली नाही. ऑफिसमधून आली की चप्पल काढायच्या आधी मशीनवरचा आकडा बघायची.

हेमांगी_पाचपाखाडी

हेच. यापेक्षा मोठं काही शोधू नका. 'तू खूप केलंस' असं एकदाही न लिहिता फक्त पट्ट्या लिहा.

मीनल_घणसोली

हेमांगीताई, पायऱ्यांचं समजलं. पण एक शंका. अशी बारीक आठवण वाचून ती जास्त रडली तर? आपण तिला त्रास दिल्यासारखं नाही का होणार?

हेमांगी_पाचपाखाडी

ती तशीही रडते आहे. तुमच्या मेसेजने आई आठवली असं होत नाही, आई विसरलेली नसतेच. फरक एवढा की एरवी एकटी रडते.

पण मीनल, प्रत्येकाचं सारखं नसतं हेही खरं. काही माणसांना पहिले काही आठवडे आठवणी अजिबात नको असतात, विषय काढला की उठून जातात. मैत्रीण तशी असेल तर आठवणीचा मेसेज महिनाभर थांबवला तरी चालतो. ते नेरुळकरणीलाच ठरवावं लागेल, आम्ही तिला ओळखत नाही.

जोशीकाका_नौपाडा

एक सुचवू का? हा दुसरा मजकूर कागदावर हाताने लिहून मिस्टरांबरोबर पाठवा. मेसेज वर जातो, कागद राहतो. आमच्या मातोश्रींच्या वेळची दोन पत्रं अजून माझ्या कपाटात आहेत.

दत्ता_कोपरखैरणे

काका, तिचं अक्षर कसं आहे ते तर विचारा.

नेरुळकरीण

अक्षर डॉक्टरांसारखं आहे दत्ताभाऊ, पण तिला शाळेपासून वाचायची सवय आहे. ती आठवणींपासून पळणारी नाही, मला खात्री आहे. तिच्या घरची मंडळी दहाव्याला नाशिकला गेली होती, परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पाठवलं. कागदावरच, पोळ्यांच्या डब्याबरोबर. हे लिहिलंय:

"वैदू,

मुलाखतीच्या दिवशी काकूंनी मला दारात उभं करून कुर्ता शिवला होता आठवतंय? तोंडात झाडूची काडी, आणि त्या विचारतायत स्वतःबद्दल सांग. त्या दिवशी मुलाखतीत पहिला प्रश्न तोच आला आणि मला इतकं हसू आलं की भीतीच गेली. नोकरी लागली ती त्यामुळे. काकूंना मी हे सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, 'काडी जपून ठेवायची होतीस.'

आणखी एक. नळीला गुंडाळायच्या त्या साडीच्या पट्ट्या. मी यायचे तेव्हा दोरीवर वाळत असायच्या. एकदा तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा काकूंनी कानामागे हात लावून मला दाखवलं, 'बघ, एक ओरखडा नाही.' हे तुला त्यांनी सांगितलं होतं का माहीत नाही, म्हणून सांगते.

मला काय बोलावं कळत नाही. तुझी आई गेली आणि मला फार वाईट वाटतंय.

ऑक्सिजनचं मशीन भाड्याचं आहे ना? परत द्यायचं झालं तर पावती आणि दुकानाचा नंबर ह्याला दे, तो घेऊन जाईल आणि डिपॉझिट आणून देईल. इतक्यात नको असेल तर राहू दे, महिन्याचं भाडं गेलं तर गेलं. दाखल्यावरचं नावही तो बघून येईल.

मी रविवारी रात्री नऊला फोन करेन. उचलावासा वाटला तर उचल. नाही उचललास तर पुढच्या रविवारी करेन.

तुझी"

सुलक्षणा_सानपाडा

'बघ, एक ओरखडा नाही'. हे तुम्ही आम्हाला आधी सांगितलं नव्हतं!

नेरुळकरीण

लिहिता लिहिता आठवलं. खरंच त्या बोलल्या होत्या.

हेमांगी_पाचपाखाडी

मशीनचं 'इतक्यात नको असेल तर' फार बरं केलंत. काही घरांतून त्याच दिवशी उचलावं लागतं, बघवत नाही म्हणून. एका घरात मात्र काकांनी मशीन बंद करू दिलं नव्हतं बरेच दिवस, त्या आवाजाशिवाय झोप लागेना. मदतीच्या उत्साहात न विचारता खोली आवरणारे नातेवाईक असतात, त्यांच्यापासून तिला वाचवता आलं तर बघा.

रविवारच्या फोनबद्दल एक. तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं, तेव्हा तुमचा फोन खरा लागेल. कॅलेंडरवर काकूंचा वाढदिवस लिहून ठेवा. आणि पुढे सहा महिने-वर्षाने ती अजून कामावर जात नसेल, जेवत-झोपत नसेल, 'माझं पण संपलं पाहिजे' असं काही बोलत असेल, तर मात्र पत्रांनी भागणार नाही, नीट मदत घ्यावी लागेल. तसलं बोलणं आधी कधीही ऐकू आलं तर वर्षाची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. सध्या तशी काही चिन्हं दिसत नाहीत, नुसतं माहीत असू दे.

वंदना_वाशी

लॉकरचं नामांकन आहे का तेवढं विचारा कुणीतरी.

नेरुळकरीण

अपडेट. काल रात्री तिचा मेसेज आला. एकच ओळ: "काडी झाडूची नव्हती गं, उदबत्तीची होती. आई झाडूची देईल का कुणाच्या तोंडात!" आणि खाली, "मशीन राहू दे अजून."

रविवारी फोन उचलला. वीसेक मिनिटं काकांच्या गुडघ्याबद्दल बोललो. काकूंचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. व्हेंटिलेटरबद्दल ती माझ्याशी कधी बोलेल की नाही, माहीत नाही.

दत्ता_कोपरखैरणे

उदबत्तीची काडी! म्हणजे आम्ही सगळे उगाच झाडूवर चर्चा करत बसलो.

रवी_ऐरोली

छान धागा. माझ्या साडूंचे वडील गेलेत मागच्या आठवड्यात. साडूंना असं आठवणीचं लिहावं का? आमचं फारसं जमत नाही, आणि म्हाताऱ्यांची माझ्याकडे एकच आठवण आहे, ती पैशांच्या भांडणाची.

जोशीकाका_नौपाडा

रवीराव, तुम्ही भेटायला जा. आणि गप्प बसा.

मीनल_घणसोली

मला अजून एक विचारायचंय. दिवाळी येतेय. सुतकाच्या वर्षी त्यांच्याकडे फराळ करणार नाहीत, मग आपण द्यायचा असतो ना? आमच्या सासूबाई म्हणतात द्यायचा, आई म्हणते पहिल्या दिवाळीला गोड पाठवणं बरं दिसत नाही, नुसता चिवडा-चकली पाठव. नेरुळकरीण, तुमच्याकडे काय करतात?

नेरुळकरीण

आमच्याकडे सगळा फराळ देतात, लाडूसकट. पण कोकणातल्या माझ्या चुलत जावेकडे तुमच्या आईसारखंच आहे. वैदेहीकडचं मलाही माहीत नाही. मावसबहिणीलाच विचारते, ती सध्या आमची माहिती कचेरी झालीये.